नवरत्नांची अंगठी आणि सातचा आकडा

नवरत्नांची अंगठी रोज वापरली की काही वर्षांनी तिच्यातली नऊ रत्नं नऊ वयांची दिसू लागतात. माणिक आणि नीलम जसेच्या तसे, मोती मात्र निस्तेज आणि पोवळ्यावर बारीक ओरखडे. घडणावळीत खोट नसली, तरी असं होतं.

याचं कारण फ्रेडरिक मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये मांडलेल्या श्रेणीत सापडतं. कोणतं खनिज कोणावर ओरखडा काढतं, एवढंच पाहून त्याने दहा खनिजांना क्रमांक दिले: सर्वांत मऊ शंखजिऱ्याला 1, हिऱ्याला 10. हे क्रमांक म्हणजे मोजमाप नव्हे, नुसती उतरंड. माणिक आणि नीलम 9 वर आहेत, पण तिथून हिऱ्यापर्यंतची एकच पायरी खालच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा मोठी आहे.

अंगठीसाठी खरा महत्त्वाचा क्रमांक 7. तो गारगोटीचा. वाळूत आणि घरातल्या धुळीतही तिचे कण असतात, त्यामुळे सातच्या खालचं रत्न रोज नकळत घासलं जातं. अंगठी कोरड्या पदराने पुसली की हेच कण रत्नावर रगडले जातात.

आता ती अंगठी पुन्हा पाहू. हिरा, माणिक, नीलम, पुष्कराज आणि साडेआठवरचा लसण्या निर्धास्त. गोमेद सातच्या आसपास, म्हणजे काठावर. भिंगातून पाहिलं तर त्याच्या पैलूंच्या धारा आधी बोथट झालेल्या दिसतात. पोवळं साडेतीनच्या आसपास आणि मोती त्याहूनही मऊ. दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे लिंबाच्या रसानेही त्यांचा पृष्ठभाग खराब होतो. आमटीत लिंबू पिळणाऱ्या हातात मोती घालणं म्हणजे त्याचं पाणी घालवणं.

पाचूची गोष्ट वेगळी. त्याचा क्रमांक साडेसात ते आठ, म्हणजे धुळीला तो पुरून उरतो. पण बहुतेक पाचूंच्या पोटात बारीक भेगा असतात आणि त्या झाकण्यासाठी अनेकदा तेल भरलेलं असतं. ओट्याच्या कडेवर हात आपटला तर पाचू त्या भेगेतून तडकू शकतो. अल्ट्रासॉनिक यंत्रात धुतला तर तेल निघून भेगा उघड्या पडतात. ओरखडा न येणं आणि न फुटणं हे दोन वेगळे गुण आहेत. पुष्कराज म्हणून कुणी टोपाझ दिला, तर तोही आठवर असूनही एका नेमक्या दिशेने सहज चिरतो. खरेदी करताना पावतीवर रत्नाचं खनिज लिहून घ्यावं.

रोजच्या अंगठीसाठी माणिक, नीलम किंवा लसण्या निवडा. मोती, पोवळं, ओपल आणि पाचू लग्नकार्यासाठी, संध्याकाळच्या समारंभासाठी ठेवा. घरी आल्यावर मोती ओलसर मऊ कापडाने पुसा आणि हिऱ्यापासून वेगळ्या डबीत ठेवा.