कौल कुणी पाळला?

'ओकोन्क्वो हा शोकांत नायक आहे, चर्चा करा.' चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ची कादंबरी अभ्यासक्रमात असली, की या धर्तीचा प्रश्न कधी ना कधी पेपरात येतोच. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. सुरुवातीला ॲरिस्टॉटल, मग नायकाच्या स्वभावातला दोष, मग बापासारखं दुबळं ठरण्याची ओकोन्क्वोला वाटणारी भीती, आणि शेवटी त्याने घेतलेला गळफास. कादंबरी हातात न धरलेला विद्यार्थीही हे उत्तर लिहू शकतो आणि पंधरापैकी नऊ-दहा गुण घेऊन जातो. त्याने लिहिलेलं चुकीचं नसतं, पण त्या उत्तराला कुणाशी भांडावं लागत नाही.

गेली काही वर्षं मी या कादंबरीवर वाद घालायला लावणारे प्रश्न आणि त्यांच्यासोबत जाणाऱ्या उत्तरसूचना तयार करते आहे. हे काम नेमकं कसं चालतं, ते एका प्रश्नाच्या आधारे सांगते.

मी आधी प्रश्न शोधत नाही. कादंबरीत जिथे दोन शहाणी माणसं एकाच गोष्टीबद्दल वेगळं बोलतात, ती जागा शोधते. या कादंबरीत अशी जागा आठव्या प्रकरणात आहे. तिच्यामागची घटना सातव्या प्रकरणात घडून गेलेली असते. इकेमेफुना हा दुसऱ्या गावाने एका खुनाच्या भरपाईपोटी उमुओफियाला दिलेला मुलगा. तीन वर्षं तो ओकोन्क्वोच्या घरी राहतो, त्याला बाप म्हणू लागतो. मग टेकड्या आणि गुहांच्या देवतेचा कौल येतो, की याला मारा. गावातला वयोवृद्ध एझेउडू ओकोन्क्वोकडे येतो आणि त्याला बजावतो, की पोरगा तुला बाप म्हणतो, त्याला मारण्यात तू हात घालू नकोस. ओकोन्क्वो तरीही माणसांसोबत रानात जातो. पहिला वार दुसऱ्याच माणसाचा असतो. मुलगा ओरडत ओकोन्क्वोकडे धावतो, आणि भेदरलेला ओकोन्क्वो स्वतःच कोयता चालवतो, कारण त्याला दुबळं ठरायचं नसतं.

पुढच्या प्रकरणात तो मित्राकडे, ओबिएरिकाकडे जातो आणि तू का आला नाहीस, देवतेचा कौल तुला मान्य नाही का, असं विचारतो. ओबिएरिका म्हणतो, तू केलंस त्याने भूमातेचा कोप होईल. अशा कृत्यापायी ती कुटुंबंच्या कुटुंबं पुसून टाकते. ओकोन्क्वोचं म्हणणं असं, की देवतेची आज्ञा पाळल्याबद्दल भूमाता शिक्षा कशी करील? त्यावर ओबिएरिका एक फार अवघड गोष्ट बोलतो. कौल माझ्या मुलाबद्दल असता, तर मी त्याला विरोध केला नसता, पण तो अमलात आणणाराही मी झालो नसतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

इथे प्रश्न सापडतो. माझा पहिला मसुदा साधारण असा होता: 'इकेमेफुनाच्या हत्येतून ओकोन्क्वोच्या स्वभावातील क्रौर्य कसे दिसते?' हा टिकणार नव्हता, कारण क्रौर्य आहे हे प्रश्नानेच सांगून टाकलं होतं. विद्यार्थ्याने फक्त उदाहरणं जोडायची. 'कसे दिसते', 'कसे दाखवले आहे' अशी शेपटी असलेले बहुतेक प्रश्न या कारणाने बाद होतात. दुसरा मसुदा होता: 'ओकोन्क्वोने इकेमेफुनाला मारणे योग्य होते का?' यात वाद आहे, पण तो कादंबरीबाहेर पळतो. आजच्या वर्गात कुणीही 'योग्य होते' असं लिहिणार नाही, आणि सगळी उत्तरं बालहत्येच्या निषेधाचे निबंध होतात. शेवटी ठरलेला प्रश्न असा:

'इकेमेफुनाला मारताना ओकोन्क्वो उमुओफियाचा नियम पाळतो की मोडतो? तुमचे मत कादंबरीतील किमान दोन प्रसंगांच्या आधारे मांडा.'

यात दोन्ही बाजूंना पुरेसा पुरावा आहे. पाळतो म्हणणाऱ्याकडे कौल आहे, गावाचा निर्णय आहे, आणि या कृत्याबद्दल गाव त्याला कुठलाही दंड करत नाही ही भक्कम गोष्ट आहे. मोडतो म्हणणाऱ्याकडे एझेउडूचा इशारा आहे, ओबिएरिकाचं बोलणं आहे. 'दोन प्रसंग' ही अट घालण्यामागे वेळेचा हिशेब आहे. तीन तासांच्या पेपरात पंधरा गुणांच्या प्रश्नाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो. त्यात चार प्रसंग मागितले, तर मुलं प्रसंगांची यादी देतात आणि वाद बाजूला राहतो.

आता उत्तरसूचना. बरेचदा परीक्षकांसाठी आदर्श उत्तर लिहून दिलं जातं. वादाच्या प्रश्नाला ते घातक आहे, कारण तपासणीच्या केंद्रावर गठ्ठा समोर असताना परीक्षक त्या उत्तराशी जुळणारे शब्द शोधतो आणि उलट बाजू मांडणारा हुशार विद्यार्थी मार खातो. म्हणून मी आदर्श उत्तर लिहीत नाही. प्रत्येक बाजूला कोणती अडचणीची जागा ओलांडावी लागेल, तेवढं नोंदवते.

'नियम पाळतो' या बाजूची अडचण चौथ्या प्रकरणात आहे. शांततेच्या आठवड्यात ओकोन्क्वो धाकट्या बायकोला, ओजिउगोला मारतो. भूमातेचा पुजारी एझेआनी त्याच्या घरी येतो आणि दंड सांगतो: एक शेळी, एक कोंबडी, कापड आणि शंभर कवड्या. एका माणसाच्या कृत्याने भूमाता सगळ्या गावाचं नुकसान करू शकते, असं तो बजावतो. म्हणजे बळाच्या वापराला मर्यादा घालणारा नियम या समाजात आहे आणि तो ओकोन्क्वोलाही लागू होतो. केवळ 'तो समाजच हिंसक होता, त्याने रीत पाळली' असं लिहिणाऱ्याने हा दंड विचारात घेतलेला नसतो.

'मोडतो' या बाजूची अडचण तेराव्या प्रकरणात आहे, आणि माझ्या मते सगळ्या कादंबरीत ती सर्वांत मोलाची आहे. एझेउडू मरतो. त्याच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक चुकून फुटते आणि एझेउडूचाच सोळा वर्षांचा मुलगा मरतो. या अपघाती हत्येसाठी ओकोन्क्वोला सात वर्षं गाव सोडून आईच्या माहेरगावी, म्बांटाला राहावं लागतं. त्याचं घर जाळलं जातं. ज्या म्हाताऱ्याने मुलाला मारू नकोस म्हणून सांगितलं, त्याच्याच अंत्यविधीत हे घडतं, हा योगायोग लेखकाने सहज घातलेला नाही. पण त्यातून निघणारा प्रश्न कठीण आहे: जाणूनबुजून केलेल्या हत्येला दंड नाही आणि अपघाताला सात वर्षं, तर इकेमेफुनाच्या वेळी नियम मोडला असं कशाच्या बळावर म्हणायचं? एक वाट अशी, की ती शिक्षा भूमातेने उशिरा वसूल केली. दुसरी अशी, की नियम आणि न्याय यांत फट आहे आणि ती गावातल्याच माणसाला दिसते. त्याच प्रकरणाच्या शेवटी ओबिएरिका एकटा बसून विचार करतो, की न कळत घडलेल्या चुकीसाठी माणसाने इतकं का सोसावं. त्याला आपली रानात टाकलेली जुळी मुलं आठवतात. उत्तर त्याला सापडत नाही. लक्षात घ्या, मिशनरी अजून कादंबरीत आलेलेही नाहीत.

या दोन जागांपैकी आपल्या विरोधातली जागा विद्यार्थी स्वतःहून समोर आणतो का, यावर मी वरचे गुण ठेवते. बाजू कुठलीही असो. अवतरणं तोंडपाठ असण्याची अट नाही. पुस्तक जवळ नसताना कोण, कुणाला, कधी बोललं एवढं नेमकं सांगता आलं तरी पुरे.

तपासताना दोन प्रकारची मधली उत्तरं भेटतात. पहिलं, 'एका दृष्टीने पाळतो, एका दृष्टीने मोडतो.' हे प्रामाणिक असू शकतं, म्हणून ते लगेच कमी गुणांचं ठरवू नये. ओळखायची एक सोपी खूण आहे: 'पाळतो' आणि 'मोडतो' हे परिच्छेद मागेपुढे केले तरी काही बिघडत नसेल, तर त्यांचा एकमेकांशी संबंध आलेलाच नाही. दुसरं उत्तर ओकोन्क्वोच्या भीतीवर सगळा भर देतं: त्याने कौल म्हणून मारलं नाही, भीतीपोटी मारलं, म्हणून नियम मोडला. हे वाचायला दमदार वाटतं, पण त्यात एक पायरी सुटते. हेतू वाईट असला म्हणून कृती नियमाबाहेर जाते का? ती पायरी ज्याने लिहिली, त्याचं उत्तर वर जातं. अशी एक उत्तरपत्रिका मला चांगली आठवते. त्या मुलीने लिहिलं होतं, की कौलाने मुलाचं मरण मागितलं, मारणारा हात मागितला नव्हता. ओबिएरिका घरी राहूनही कौल पाळतो, म्हणजे ओकोन्क्वोपुढेही ती वाट मोकळी होती. पुढे तिने स्वतःलाच अडवलं: पण मग प्रत्येकाने हात आखडला तर कौल पाळायचा कुणी? ओबिएरिकाचं हे स्वच्छपण दुसऱ्याच्या कोयत्यावर उभं आहे. इंग्रजी अडखळत होतं, काळ चुकले होते. माझ्या सूचनांमध्ये हा मुद्दा नव्हता. मी तो पुढच्या वेळी घातला.

या प्रश्नाला एक मर्यादा आहे. तो पहिल्या भागातच फिरतो, आणि पंचवीस प्रकरणांच्या कादंबरीत पहिला भाग तेराव्या प्रकरणाशी संपतो. विद्यार्थ्याने पुढचं वाचलं नाही तरी त्याचं भागतं. म्हणून त्याच्या जोडीला मी शेवटावरचा प्रश्न ठेवते. ओकोन्क्वोने गळफास घेतल्यावर त्याचं प्रेत खाली काढायला गावकरी हात लावत नाहीत, कारण आत्महत्या हा भूमातेविरुद्धचा अपराध आहे. ते काम परक्यांनी करावं लागतं. तिथे उभा असलेला ओबिएरिका जिल्हा आयुक्ताला संतापून सुनावतो, की या थोर माणसाला आत्महत्येपर्यंत तुम्ही आणलंत. प्रश्न असा: 'ओबिएरिकाचा हा आरोप कादंबरी मान्य करते का?' आरोपाच्या बाजूने अबामे गावातलं हत्याकांड आहे, सहा प्रमुखांना फसवून केलेली कैद आहे, आणि दोनशे कवडी-थैल्यांचा दंड जो शिपायांनी परस्पर अडीचशेवर नेला. विरुद्ध बाजूने ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये आहे. बापाने इकेमेफुनाला मारलं तेव्हाच त्याच्या आत काहीतरी तुटलं होतं, आणि मिशनऱ्यांच्या भजनात त्याला त्या जखमेवर उतारा सापडला. जातीबाहेर ठेवलेले ओसूही आहेत. नव्या देवळात त्यांनाही जागा मिळाली.

इथली अडचणीची जागा आरोप करणारा माणूसच आहे. इकेमेफुनाच्या बाबतीत ओकोन्क्वोला दोष देणारा ओबिएरिका, अपघाताच्या शिक्षेवर मनात शंका घेणारा ओबिएरिका, शेवटी सगळा दोष बाहेरच्या माणसावर टाकतो. तो दुःखात बोलतो आहे, की सात वर्षांत त्याचं मत बदललं आहे, की परक्यासमोर घरचं भांडण काढायचं नाही असं त्याने ठरवलं आहे? तिन्ही वाचनांना आधार आहे. जो विद्यार्थी आठव्या प्रकरणातला ओबिएरिका पंचविसाव्या प्रकरणात आणून उभा करतो, त्याला मी पंधरापैकी तेरा देते, मग त्याने यातलं कुठलंही वाचन निवडलेलं असो.