भीती खरी, उपाय कोणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या गटातल्या एका मावशींकडे दुपारच्या वेळी एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. ‘गॅसची सुरक्षा तपासणी आहे’ म्हणाला आणि मोबाईलवर भाजलेल्या बाईचा फोटो दाखवला. ‘मावशी, हिच्याही घरात तुमच्यासारखीच शेगडी होती. घरात नातवंडं आहेत ना?’ मावशींचे हातपाय गार पडले. त्यांनी बाराशे रुपये मोजले आणि त्याने रेग्युलेटरजवळ एक चकचकीत ‘सेफ्टी यंत्र’ बसवून दिलं. पावती दिली नाही.

संध्याकाळी मी गेले तेव्हा मावशींची सून म्हणाली, ‘ताई, फसवलं हो आम्हाला. आता गॅसबद्दल कोणी काही सांगितलं तरी ऐकायचं नाही.’ मी शेगडीमागे हात घालून नळी ओढली. नळीवर छापलेली मुदत मागच्याच वर्षी संपलेली होती आणि वाकते तिथे रबराला बारीक चिरा पडल्या होत्या.

म्हणजे बघा, त्या माणसाने घातलेली भीती खोटी नव्हती. धोका घरात होताच. पण भीती दाखवली गॅसची आणि विकलं भलतंच. नळी त्याने पाहिलीसुद्धा नाही. सून चिडली ते बरोबरच होतं, पण रागाच्या भरात तीही नळीकडे बघणार नव्हती. फसवणुकीचं हे दुसरं नुकसान मला पैशापेक्षा मोठं वाटतं.

भाजलेल्या बाईचं चित्र गॅस एजन्सीच्या पोस्टरवरही असू शकतं. सिगारेटच्या पाकिटावर तर दोन्ही बाजूंचा 85 टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो आणि ती चित्रं बघवत नाहीत. पण तिथे भीती आणि कृती एकमेकींना धरून आहेत. तंबाखूने कर्करोग होतो, म्हणून तंबाखू सोडा. तो फोटो क्षणभर बाजूला ठेवा आणि विचारा, ‘हा सांगतो ते केल्याने हाच धोका कमी होतो का? कसा होतो?’ त्या माणसाला हे विचारलं असतं, तर त्याच्याकडे दुसऱ्या फोटोशिवाय उत्तर नव्हतं.

गॅसच्या भीतीचं खरं उत्तर असं आहे. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, ती एजन्सीकडूनच पावतीसह घ्यायची. गळतीचा संशय आला तर जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की गळती. काडी ओढून कधीही बघायचं नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, कारण त्या ठिणगीनेही पेट घेतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी पुरत नाही. मग बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. तपासणीला कोणी आलंच, तर त्याला दारात उभं करून एजन्सीला फोन लावा. खरा माणूस थांबतो.

दयेचंही तसंच. आमच्या गटाच्या व्हॉट्सअॅपवर नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो आला. ‘आज रात्रीपर्यंत तीन लाख लागतील.’ आमच्या सचिव रडल्या, आणि त्यात चूक काहीच नाही. आजारी लेकरू बघून मदत करावीशी वाटणं हे मदतीचं रास्त कारण आहे. पण फोटोवरून एवढंच कळतं की एक बाळ आजारी आहे. ते कोणाचं, कुठल्या दवाखान्यात, पैसे कोणाला जाणार, हे फोटो सांगत नाही. पैसे पाठवायचा नंबर टाकून पाहिला, तर संदेशातल्या वडिलांचं नाव एक आणि खात्यावरचं दुसरंच. एवढ्यावरून लगेच लबाड ठरवू नये. घाबरलेला बाप भावाचं खातं देऊ शकतो. म्हणून फोन केला. दवाखान्याचं नाव विचारलं तर पलीकडून आवाज चढला, ‘बाळ मरतंय आणि तुम्हाला चौकश्या सुचतात?’

आमच्या मनात तेव्हा शंका पक्की झाली. ज्याचं बाळ खरंच दवाखान्यात आहे तो नाव आधी सांगतो, कारण त्याला मदत हवी असते. आम्ही पैसे पाठवले नाहीत.

पंधरा दिवसांनी शेजारच्या वाडीतल्या मुलीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तिची आई बैठकीत आली. तीही रडली, आम्हीही रडलो. मग तिने दवाखान्याचा खर्चाचा अंदाजाचा कागद पुढे ठेवला. आम्ही त्यावरच्या नव्हे, दवाखान्याच्या मुख्य नंबरवर फोन केला, समाजसेवा अधीक्षकांशी बोललो. धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत राखलेल्या असतात, तिचा अर्ज त्यात बसला. औषधांसाठी कमी पडणारे पैसे गटाने थेट दवाखान्याच्या खात्यावर भरले. पावती नोंदवहीत चिकटवली आहे. आणि हो, मावशींची नवी नळीही बसली.