वाक्यांतील वंशावळ पायऱ्यांनीं कशी मांडावी

सन २०२३ मध्यें अंतरवाली सराटी येथें मराठा आरक्षणासाठीं उपोषण झालें व त्यानंतर मराठवाड्यांत जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. नोंदींतील पूर्वजाशीं संबंध वंशावळीनेंच दाखवावा लागतो. एक पिढी चुकली कीं दावा ढळतो.

भोसले घराण्यांतील कांहीं नांवें घेऊं : मालोजीचे पुत्र शहाजी व शरीफजी, शहाजीस संभाजी, शिवाजी, व्यंकोजी, शिवाजीस संभाजी व राजाराम, त्या संभाजीस शाहू, राजारामास शिवाजी व संभाजी. प्रथम बापलेकांच्या जोड्या पाडाव्या. मग पुत्रास पित्याहून एक पायरी आंत लिहावें. त्याची संतति संपल्यावांचून भावाकडे वळूं नये.

```
१ मालोजी
    २ शहाजी
        ३ संभाजी
        ३ शिवाजी
            ४ संभाजी
                ५ शाहू
            ४ राजाराम
                ५ शिवाजी
                ५ संभाजी
        ३ व्यंकोजी
    २ शरीफजी
```

येथें संभाजी तीन आहेत. आजोबाचें वा चुलत्याचें नांव ठेवण्याच्या चालीमुळें असें घडतें. सबब नांवाशेजारीं पिढीचा अंक अवश्य असावा. वाक्यांतील 'त्या' कोणता हें ठरेना, तर आम्ही तेथें प्रश्नचिन्ह ठेवितों, अंदाजानें जोडीत नाहीं.

पडताळा खालून घ्यावा. शाहूवरून वर पाहतां जवळचा चारचा अंक संभाजीचा, मग तीनचा शिवाजीचा, दोनचा शहाजीचा, एकचा मालोजीचा. मधला अंक गळाला, तर एक पिढी लिहावयाची राहिली असें समजावें.