मॅटवरचा पहिला पट

मातीत पाय थोडा रुततो, प्रसंगी घसरतो. मॅटवर बूट धरून राहतो. मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांना 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट परकीच होती. तिथे सहावे आलेल्या खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिकवताना मात्र हा फरक पदकापेक्षा गुडघ्यासाठी महत्त्वाचा ठरतो. पाय मॅटला चिकटलेला असताना अंग वळले, की पीळ गुडघ्यावर येतो.

म्हणून सुरुवात पवित्र्यापासून होते. पाय खांद्याइतके फाकलेले, एक अर्धे पाऊल पुढे, गुडघे वाकलेले, पाठ सरळ, कोपरे बरगड्यांजवळ आणि भार चवड्यांवर. मुले हमखास गुडघ्यांऐवजी कमरेत वाकतात. तशा मुलाची मान नुसती खाली दाबली तरी तो पुढे कोलमडतो. तोल शिकवायला जोडीदाराने खांद्यावर हलकेच ढकलावे, मुलाने पाय न ओलांडता सरकत पवित्रा सावरावा. डावाआधी पडणेही शिकवतात: हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात अंगाजवळ. पडताना ताठ हात टेकला, की कोपर किंवा गळपट्टीचे हाड धोक्यात येते.

मग एकेरी पट. समजा, 48 आणि 51 किलोची जोडी आहे. हल्ला करणारा गुडघ्यांतून खाली बसतो, पुढचे पाऊल आत टाकतो, समोरच्याचा पुढचा पाय दोन्ही हातांनी गुडघ्यामागे कवळतो. डोके आतल्या बाजूने बरगडीला टेकलेले, नजर वर. नजर खाली गेली, तर डोके पोटाखाली जाते आणि सगळा भार मानेवर येतो. पाय छातीशी घेऊन तो उठतो, मागे गोलाकार सरकतो आणि खांद्याने मांडीवर दाब देतो. जोडीदार बसकणीवर येतो. उचलून आपटणे यात कुठेच नाही.

जोडीदाराचे नियम इथे डावाइतकेच शिकवावे लागतात. ज्याचा पट निघतो त्याने उड्या मारत मोकळा पाय वळू द्यायचा, तो रोवून अडून राहायचे नाही. मान आवळायची नाही. पट काढणाऱ्याने जोडीदार टेकेपर्यंत पाय सोडायचा नाही, अंगावर कोसळायचे नाही. दोनदा थाप किंवा ‘थांब’ ऐकताच पकड सुटलीच पाहिजे, डाव कितीही चांगला लागलेला असो. विरोध पायरीपायरीने वाढतो: आधी शून्य, मग निम्मा. खरी झुंज सर्वांत शेवटी. नखे वाढलेली किंवा अंगावर नायटा असलेला मुलगा त्या दिवशी मॅटबाहेर बसतो. यावर वस्तादाने तडजोड करू नये.

तयारी ओळखायची खूण सोपी आहे: पट निघाल्यावर मॅटवर धप्प असा आवाज येत नाही. तो येत असेल तोवर पुढचा डाव शिकवू नये.