खेडचं लग्न आणि रूमचं गणित

लग्नाच्या पाहुण्यांसाठी रूम बुक करताना नुसती माणसं मोजू नका, रात्रीही मोजा! माझ्या चुलत बहिणीचं लग्न खेडला होतं, रविवारी सकाळी. बाहेरगावचे पाहुणे 18. काकांचा हिशोब एकदम सरळ : एका रूममध्ये तिघं, म्हणजे 6 रूम, शनिवारची एक रात्र. भाव 2,000 रुपये, एकूण 12,000. पूर्वी शेजाऱ्यांच्या पडवीत गाद्या घालून वऱ्हाडाची सोय करणाऱ्या काकांना हेसुद्धा जास्तच वाटत होतं.

पण मुंबईकर येणार कोकणकन्येने. ती रात्री अकरानंतर सुटते आणि पहाटे तीनच्या सुमारास खेडला पोचते. शनिवारी पहाटे उतरलेल्या माणसाला ‘चेक-इन दुपारी बाराला’ असं कसं सांगणार? त्याची रूम शुक्रवार रात्रीपासूनच धरावी लागते. असे 7 जण होते. दोन जोडप्यांना दोन रूम, ताईच्या तीन मैत्रिणींना मिळून एक आणि जादा गादी. पुण्याहून गाड्यांनी शनिवारी दुपारी येणारे 11. त्यांच्यात तीन जोडपी, मावशी आणि तिच्या दोघी मुली, शिवाय दोघे आजोबा. म्हणजे 5 रूम. आजोबांना तळमजला आणि कमोड हवाच, ते शेअरिंग जुळवण्याआधीच विचारलेलं बरं.

खरी गोची रविवारची. मुहूर्त साडेअकराचा आणि चेक-आउट बाराला! पाहुणे अक्षता टाकणार की बॅगा भरणार? साड्या बदलायला आणि सामानाला 2 रूम आणखी एक दिवस ठेवाव्या लागणार होत्या. शुक्रवार 3, शनिवार 8, रविवार 2 : एकूण 13 दिवसांचं भाडं, 26,000 रुपये. काका गप्पच झाले.

मग मी 24 तासांचा चेक-आउट असलेलं लॉज शोधलं. तिथे पहाटे तीनला घेतलेल्या रूमचे दोन दिवस सोमवार पहाटेपर्यंत पुरतात. म्हणजे त्या तीन रूम रविवारी आपोआप हाताशी! पुणेकरांच्या पाच रूम रविवारी दुपारी तीनपर्यंत. एकूण 11 दिवस, 22,000 रुपये. गाद्या आणि 5 टक्के जीएसटी वेगळा.

आता खर्च कोणाचा? भाडं, जीएसटी, जादा गादी, सकाळचा चहा-नाश्ता आमचा. रूममध्ये मागवलेलं खाणं, इस्त्री आणि ‘आलोच आहोत तर दापोली करू’वाल्यांची जादा रात्र त्यांची. हे तोंडावर सांगायला काकांना संकोच वाटत होता. म्हणून मीच सगळ्यांना मेसेज टाकला : ‘तुमची रूम शनिवारी आल्यापासून रविवारी ठरलेल्या वेळेपर्यंत आमच्याकडून आहे. पुढे राहायचं असेल तर लॉजवाल्याशी थेट बोला. प्रत्येकाने ओळखपत्र आणा.’ कुणी रुसलं नाही. हेच लॉजवाल्यालाही लेखी दिलं, नाहीतर निघताना सगळी बिलं काकांच्याच नावावर!

आणि हो, पुण्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर? ते कुणाच्याच यादीत नसतात. रात्रभर गाडीत अवघडून झोपलेल्या माणसाने रविवारी ताम्हिणी घाट चढायचा, हे मला पटेना. त्यांच्यासाठी एक कॉमन रूम आणि दोन वेळचं जेवण आम्हीच धरलं.