ओवा-हिंग: मोठ्यांचं पोट आणि बाळाचं रडणं

ओवा आणि हिंग पोटातला गॅस ‘काढतात’ हा समज अर्धाच खरा आहे. वालाची उसळ किंवा छोले खाल्ल्यावर पोट फुगतं, ते त्या कडधान्यांतल्या काही शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्यांना आंबवतात आणि वायू तयार होतो. ओव्याचं पाणी प्यायल्याने हे आंबणं थांबत नाही. फरक पडतो तो आतड्याच्या स्नायूंना. ओव्याच्या उडनशील तेलात थायमॉल नावाचं द्रव्य असतं, हिंगाच्या उग्र वासामागे गंधकयुक्त संयुगं असतात. प्रयोगशाळेत ओवा आणि हिंग या दोन्हींच्या अर्काने प्राण्यांच्या आतड्याचे आवळलेले स्नायू सैल होताना दिसले आहेत. स्नायूंची मुरड सुटली की अडकलेला वायू पुढे सरकतो, ढेकर येते, वारा सरतो आणि माणसाला हलकं वाटतं. माणसांवरचे अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे हा उपाय अधूनमधून फुगणाऱ्या पोटासाठी समंजस आहे, असं म्हणता येतं. त्यापुढचा दावा, म्हणजे रोज अनशापोटी ओव्याचं पाणी प्यायल्याने पचनच सुधारतं किंवा चरबी झडते, हा ओव्याच्या नावावर उगाच चढवलेला आहे. गॅस मुळातच कमी व्हावा असं वाटत असेल, तर कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात शिजवावं. नको त्या शर्करांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर निघून जातो.

ओव्याचं पाणी करण्याच्या रीतीतही एक चूक सर्रास होते. थायमॉल पाण्यात फार विरघळत नाही आणि वाफेबरोबर पटकन उडतं. उघड्या पातेल्यात ओवा दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळला की स्वयंपाकघरात घमघमाट सुटतो, पण तो घमघमाट म्हणजेच कपातून निसटलेलं औषध. अर्धा चमचा ओवा जरासा भरडून कपभर उकळत्या पाण्यात टाकावा, झाकण ठेवून पाच मिनिटं मुरू द्यावा आणि गाळून कोमट प्यावा. किंवा सरळ चिमूटभर ओवा काळ्या मिठाबरोबर चावून खावा. तो जिभेला चुरचुरतो, तेच त्यातल्या तेलाचं लक्षण. हिंगाचं प्रमाण फोडणीपुरतंच बरं. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाच्या राळेत मिसळलेलं पीठ आणि डिंक. हे पीठ बहुधा गव्हाचं असतं, म्हणून ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी डबीवरचे घटक वाचावेत. छातीत जळजळ होत असेल तर तिखट ओव्याने ती वाढू शकते. गरोदरपणात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना या दोन्हींचा औषधासारखा मारा करू नये. सगळ्यांत घातक समज मात्र वेगळाच आहे. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ हे सारं ‘गॅसच असेल’ म्हणून ओवा-हिंगावर निभावायचं. हृदयविकारात उपचारासाठी हाती असलेला वेळ इथे वाया जातो. तीच गोष्ट आठवड्यामागून आठवडे फुगलेल्या पोटाची. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर तपासणीच हवी.

आता बाळाकडे येऊ. मोठ्यांना ज्याने बरं वाटतं तेच बाळाला थेंबभर दिलं की झालं, असं आपण धरून चालतो. या गृहीतकात दोन चुका आहेत आणि पहिली रोगनिदानाची आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून अनेक निरोगी बाळं संध्याकाळी तासन्‌तास रडतात, पाय पोटाशी घेतात, चेहरा लालबुंद करतात, वारा सोडतात. पाहणाऱ्याला वाटतं, गॅसमुळे रडतंय. वास्तवात रडताना बाळ हवा गिळतं, म्हणून वारा बऱ्याचदा रडण्याचा परिणाम असतो. गॅसच मूळ असता, तर वायूचे बुडबुडे फोडणाऱ्या सिमेथिकोनच्या थेंबांनी गुण यायला हवा होता. पण अशा बाळांवरच्या चाचण्यांत हे थेंब औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास टिपेला पोचतं आणि बहुतेक बाळांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरतं.

दुसरी चूक शरीराबद्दलची आहे. बाळाचं शरीर मोठ्याच्या शरीराची लहान प्रत नाही, म्हणून मात्रा कमी केल्याने औषध सुरक्षित होतंच असं नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा हिंगाबद्दलच आहे. पोटदुखीसाठी ग्लिसरीनमधला हिंग पाजलेल्या पाच आठवड्यांच्या एका बाळाला मेथहिमोग्लोबिनेमिया झाला. या बाळाची हकिकत १९८४ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. या विकारात रक्तातलं हिमोग्लोबिन असं बदलतं की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखं निळसर-राखाडी होतात, रक्त चॉकलेटी दिसतं आणि प्राणवायू देऊनही निळेपणा जात नाही. डॉक्टरांनी तो हिंग प्रयोगशाळेत तपासला, तेव्हा त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बिघडवलं, पण मोठ्यांच्या हिमोग्लोबिनवर तसा परिणाम केला नाही. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात हे गर्भावस्थेतलंच हिमोग्लोबिन भरपूर असतं. शिवाय बिघडलेलं हिमोग्लोबिन परत दुरुस्त करणारं विकरही या वयात मोठ्यांच्या जवळपास निम्मंच काम करतं. म्हणजे जो हिंग आजोबांना मानवतो, तोच नातवाच्या रक्तात वेगळं वागू शकतो. ही एकच घटना आहे, तिच्यावरून दर बाळाला हे होतंच असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या उपायाचा बाळाला गुण आल्याचा धड पुरावा नाही, त्यासाठी इतकीही जोखीम का घ्यावी?

ओव्याच्या पाण्यात तर ओव्याइतकाच प्रश्न पाण्याचा आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध पुरतं. इवल्या पोटात पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, आणि वाटी-चमच्यातून जंतू शिरले तर जुलाब होतात. यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात, काही झालं नाही, उलट बाळ शांत झालं.’ हा अनुभव खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो. रडणं टिपेला असतानाच घरात उपाय सुरू होतो आणि त्यानंतर ते तसंही उतरणारच असतं, म्हणून त्या आठवड्यात दिलेल्या कुठल्याही गोष्टीला गुण आल्यासारखा वाटतो. बेंबीभोवती हिंगाचा लेप लावण्याचंही तसंच. शांत करतो तो बहुधा पोटावरून फिरणारा ऊबदार हात, आणि तो हिंगाशिवायही फिरतो. लेपाने कोवळी त्वचा चरचरू शकते. नाळ गळून पडली नसेल, तर तिथे काहीही लावणं म्हणजे जंतुसंसर्गाला वाट करून देणं. बाळंतिणीने मात्र जेवणात ओवा, हिंगाची फोडणी, शेपूची भाजी जरूर खावी. तिच्या स्वतःच्या पोटाला त्याने बरं वाटत असेल तर उत्तमच. पण बाळाला यातलं काही पाजायची गरज नाही.

मग सहा आठवड्यांचं बाळ रोज संध्याकाळी सातला सूर लावतं, तेव्हा करायचं काय? आधी भूक, ओलं दुपटं आणि उकाडा पाहावा. दूध पिताना तोंडात फक्त स्तनाग्र आहे की भोवतालचा काळा भागही, हे बघावं. पकड वरवरची असेल तर बाळ चटचट आवाज करत हवा गिळतं. मध्ये आणि शेवटी खांद्यावर उभं धरून ढेकर काढावी. मग छातीशी धरून मंद प्रकाशात फेऱ्या माराव्यात, पोटावर हलक्या हाताने गोल मालीश करावं. आई-वडील थकून मेटाकुटीला आले, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हावं किंवा दुसऱ्याकडे द्यावं. बाळाला गदगदा हलवणं मेंदूला इजा करतं. आणि हिरवी उलटी, शौचात रक्त, टणक फुगलेलं पोट, दूध न ओढणं, मलूलपणा, निळसर ओठ, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून जास्त ताप यांतलं एकही दिसलं, तर घरगुती काहीही न देता रात्र असली तरी त्याच वेळी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. आधी काही पाजलं असेल तर तेही न लपवता सांगावं, कारण निळसर बाळाच्या उपचाराची दिशा त्यावर ठरते.