ब्रँच बदलायची आहे? आधी जागांचं गणित समजून घ्या

बारावीनंतर हवी ती ब्रँच मिळाली नाही की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आत्ता मिळतेय ती घे, पहिल्या वर्षानंतर बदलून घेऊ.’ या भरवशावर चार वर्षांचा निर्णय घेतला जातो. म्हणून यातले चार गैरसमज आधी दूर करायला हवेत.

गैरसमज १ : ब्रँच बदलून मिळणं हा हक्क आहे.

वस्तुस्थिती : ती सवलत आहे आणि ती द्यायची की नाही, हे संस्था ठरवते. आयआयटी मद्रासने २०२४ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ही सोय बंदच केली. त्यामुळे सीनियरने ब्रँच बदलली होती, एवढ्यावर विसंबू नका. तुमच्या बॅचला लागू असलेली नियमपुस्तिका वाचा. प्रवेशफेऱ्यांमधला ‘स्लाइड’ हा पर्याय वेगळा असतो. त्यात प्रवेश परीक्षेच्या क्रमांकावर त्याच संस्थेत वरच्या पसंतीची ब्रँच मिळू शकते. वर्ष संपल्यावर होणारा बदल मात्र पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरतो. तिथे जेईईचा क्रमांक फार तर बरोबरी सोडवायला कामी येतो.

गैरसमज २ : ८ सीजीपीए मिळाला की काम झालं.

वस्तुस्थिती : नियमात लिहिलेला आकडा, मग तो ८ असो वा आणखी काही, फक्त अर्ज करण्यापुरता असतो. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले असणं ही अटही त्याला जोडलेली असते. खरा कटऑफ म्हणजे शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचा सीजीपीए. अर्जदार आणि जागा यांवर तो दरवर्षी नव्याने ठरतो, म्हणून आधी कोणीच सांगू शकत नाही. इथे फरकही बारीक असतात. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट असतील, तर ४ क्रेडिटच्या एकाच विषयात १० ऐवजी ९ ग्रेड पॉइंट मिळाले की सीजीपीए ०.१ ने उतरतो. यादीत तेवढ्याने पुष्कळ मुलं पुढे जाऊ शकतात.

गैरसमज ३ : कॉम्प्युटरमध्ये जागा आहे ना, मग मिळेलच.

वस्तुस्थिती : जागा दोन्हीकडे बघितली जाते. तुम्ही जाणार ती ब्रँच ठरावीक मर्यादेपलीकडे फुगू नये आणि तुम्ही सोडणार ती रिकामी होऊ नये, असा दुहेरी नियम अनेक संस्थांत असतो. लोकांना पहिली अट माहीत असते आणि अडतं दुसऱ्या अटीपाशी.

समजा, एका संस्थेत कॉम्प्युटर आणि सिव्हिल, दोन्हींच्या मंजूर जागा ६० आहेत. नियम असा, की येणाऱ्यांमुळे वर्ग ११० टक्क्यांवर जाऊ नये आणि जाणाऱ्यांमुळे ९० टक्क्यांखाली येऊ नये. कॉम्प्युटरचा वर्ग पूर्ण भरलेला आहे, म्हणजे ६६ पर्यंत आणखी सहा जण घेता येतील. सिव्हिलमध्ये मात्र ५७ च मुलं आहेत आणि ५४ च्या खाली जायची परवानगी नाही. म्हणजे तिथून तिघंच बाहेर पडू शकतात.

सिव्हिलच्या ९.४, ९.३ आणि ९.२ वाल्यांना कॉम्प्युटर मिळालं. चौथी मुलगी ९.१ वर आहे. कॉम्प्युटरमध्ये अजून तीन जागा आहेत, तरी ती अडकते, कारण तिला सिव्हिल सोडता येत नाही. तिच्यामागे मेकॅनिकलचा ९.० वाला मुलगा आहे. त्याच्या ब्रँचला काहीच अडचण नाही. पण काही संस्थांचा नियम असा, की जास्त सीजीपीए असलेल्याला नाकारलेली जागा कमीवाल्याला देता येत नाही. मग तोही थांबतो आणि तीन जागा तशाच राहतात. दुसऱ्या ब्रँचमधून कोणी सिव्हिलमध्ये आलं, तरच त्या मुलीची वाट मोकळी होते आणि मागच्या मुलाचीही.

म्हणूनच अर्जात एकच ब्रँच लिहून थांबू नका. इलेक्ट्रिकलचा कोणी कॉम्प्युटरला गेला की इलेक्ट्रिकलमध्ये जागा होते. ती ब्रँच तुम्हाला खरोखर चालणार असेल, तर पसंतीक्रमात दुसरी लिहा. जी नकोच आहे ती मात्र लिहू नका. मंजूर झालेला बदल सहसा मागे घेता येत नाही.

गैरसमज ४ : वर्गात बाकं रिकामी आहेत, म्हणजे जागा आपल्यालाच.

वस्तुस्थिती : महाराष्ट्रातल्या कॉलेजांत डिप्लोमा झालेली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतात. पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांवरही त्यांना प्रवेश मिळतो. त्यामुळे जूनमध्ये दिसणारं रिकामं बाक तुमच्यासाठी राखलेलं आहे, असं धरून चालू नका.

प्रवेश पक्का करण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा : आमच्या बॅचला ब्रँचबदल आहे का, दोन्हीकडच्या मर्यादा किती आणि गेल्या वर्षी शेवटची जागा किती सीजीपीएला गेली? उत्तरं मिळाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : बदल झालाच नाही, तर हीच ब्रँच मी चार वर्षं शिकेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती ब्रँच घेऊ नका.